रिजेक्ट झाल्यावर कंपनीला "कुठं कमी पडलो" असा मेल करायचा का नाही?

गडहिंग्लजचा_मेक
मेकॅनिकल झालंय, गोकुळ शिरगावात एका मशीन शॉपला इन्स्पेक्शनला आहे. कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअरसाठी दोन राउंड झाले, टेक्निकलला क्वालिटी मॅनेजर स्वतः तासभर बसले होते, नंतर एचआर. परवा मेल आला की सध्या पुढं जाता येत नाही. नेमकं कुठं कमी पडलो हे त्यांना विचारावं वाटतंय, पुढच्या वेळी तयारी तरी करता येईल. दादा म्हणतोय असलं विचारणं म्हणजे भीक मागणं. मेल लिहून ठेवलाय: "मला का रिजेक्ट केलं ते कळेल का? मी बहुतेक सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली होती. कृपया सविस्तर फीडबॅक द्यावा." पाठवू का नको?

पेठेतला_पैलवान
दादा बरोबर बोलतोय भावा. नाही म्हटलं ना त्यांनी, विषय संपला. तू मेल करणार, ते उत्तर देणार नाहीत, मग तू रोज दहा वेळा मोबाईल उघडून बघत बसणार. आणि खरं कारण कोण सांगतंय का? कुणाचा तरी पाहुणा आधीच ठरलेला असतोय, नाहीतर तू मागितलेला पगार जास्त झालेला असतोय, नाहीतर त्यांची जागाच रद्द झालेली असते. यातलं एक तरी कारण कंपनी लिहून देणार आहे काय? तोच वेळ दुसरीकडं अर्ज टाकायला घाल.

शिरोली_एचआर
पैलवान, तुमचं निम्मं बरोबर आहे, उत्तरं कमीच येतात. पण ती का येत नाहीत ते आतल्या बाजूनं सांगते, कारण मी शिरोली आणि कागल दोन्हीकडं एचआरला काम केलंय.

मुलाखत घेणाऱ्याकडं एक पानाची शीट असते. टेक्निकल, कम्युनिकेशन, अॅटिट्यूड असे रकाने, पुढं मार्क आणि सगळ्यात खाली रिमार्कला दोन ओळींची जागा. मॅनेजर फ्लोअरवरनं उठून आलेला असतो, तिकडं लाइन थांबलेली असते, मग तो रिमार्कमध्ये चार शब्द खरडतो नाहीतर नुसतं "नॉट सूटेबल" लिहून सही करतो. आता तुम्ही मला "सविस्तर फीडबॅक द्या" म्हणून मेल टाकला तर माझ्याकडं द्यायला काय आहे? ते चार शब्द. आणि ते जसेच्या तसे पाठवले तर उद्या त्याचा स्क्रीनशॉट फिरेल, वर साहेब मला बोलावून विचारतील की हे लिहून कुणी दिलं. म्हणून आम्ही ते गुळगुळीत टेम्प्लेट पाठवतो किंवा गप्प बसतो. उमेदवाराचा राग असतो म्हणून नव्हे.

त्यात या मेलमधलं "बहुतेक सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली होती" हे वाक्य एचआरनं वाचलं की संपलं. तिला दिसतंय की आपण काहीही कळवलं तरी हा मुलगा उलट मेल करून वाद घालणार. ते वाक्य आधी काढा. आणि मला सांगा, टेक्निकलमध्ये काय काय विचारलं होतं? आठवेल तसं लिहा, त्यावर मेल ठरवू.

गडहिंग्लजचा_मेक
मॅडम सांगतो. ड्रॉइंग वाचायला दिलं, ते नीट झालं. मग गेज आर अँड आर विचारलं, म्हणजे मोजमापात गेजमुळं आणि मोजणाऱ्या माणसांमुळं किती फरक येतो ते. म्हणाले दहा पार्ट, तीन माणसं, प्रत्येकी तीन वेळा मोजले आणि जीआरआर २४ टक्के आला, तू काय करशील? मी म्हटलं ३० च्या आत आहे म्हणजे चालतंय. मग विचारलं की कस्टमरकडनं ब्लोहोलची, म्हणजे कास्टिंगमध्ये भोकं निघाल्याची तक्रार आली, मशीनिंग करताना दिसली, त्यांनी लॉट होल्ड केलाय, तू पहिल्या दिवशी काय करशील? मी म्हटलं इन्स्पेक्शन वाढवीन, शंभर टक्के चेकिंग लावीन आणि रूट कॉज काढीन. शेवटी पगार आणि जॉइनिंग कधी, एवढंच.

मोल्डिंग_शॉप
हे घे, इथंच तुझं उत्तर मिळालं. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे म्हणून सांगतो. २४ टक्के म्हणजे "चालतंय" असं नसतंय रे. दहाच्या खाली असला तर गेज चांगला, तीसच्या वर गेला तर बाद, आणि मधला पट्टा म्हणजे विचार करायचा पट्टा. ते माप किती महत्त्वाचं आहे, बेअरिंग बसायचा बोअर आहे का नुसतं बाहेरचं कास्ट माप आहे, गेज बदलायला किती खर्च येतो, हे सगळं बघून ठरवायचं. आणि त्याच्याही आधी आकडा फोडून बघायचा. एकच माणूस तोच पार्ट परत परत मोजतोय आणि त्याचं त्यालाच वेगळं येत असेल तर गेज किंवा फिक्स्चर ढिला आहे. माणसामाणसात फरक येत असेल तर मोजायची पद्धत प्रत्येकाची वेगळी आहे, कुणी व्हर्नियर दाबून धरतोय कुणी हलका धरतोय, तिथं गेज बदलून काही होत नाही, माणसांना एकत्र उभं करून एक पद्धत शिकवावी लागते. मॅनेजरला हेच ऐकायचं होतं, पैज लावतो. एमएसएवर, म्हणजे या मोजमाप तपासायच्या विषयावर गेलास तू.

पेठेतला_पैलवान
बघा, मेल न करता कारण मिळालं! आता कशाला पाय धरायचे त्यांचे. आपल्या फील्डमधल्या जाणत्या माणसाला गाठायचं, मुलाखतीत काय झालं ते सांगायचं, तो सांगतोय कुठं चुकलं ते.

शिरोली_एचआर
तो अंदाज आहे पैलवान. चांगल्या माणसाचा आहे, पण अंदाजच. खोलीत ते बसले नव्हते. मॅनेजरनं दोन प्रश्नांतल्या कशाला किती वजन दिलं हे त्यालाच माहीत. उद्या हा मुलगा महिनाभर एमएसए घोकेल आणि अडचण भलतीकडंच असेल.

अभ्यासिका_राजारामपुरी
एवढं कशाला, माहिती अधिकारात अर्ज टाका ना. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यायलाच लागतंय त्यांना. मी एका सरळसेवा भरतीला बसलो होतो, यादीत नाव आलं नाही, मग अर्ज करून माझी उत्तरपत्रिका मागवली. २०११ ला सुप्रीम कोर्टानं सीबीएसईच्या केसमध्ये सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क उमेदवाराला आहे. पेपर बघितला तेव्हा कळलं की मराठी व्याकरणात मार्क गेलेत, मी आपला उगाच गणिताचा क्लास लावणार होतो. हक्कानं मागायचं, विनंती कशाला?

शिरोली_एचआर
भाऊ, तुमचं तुमच्या जागी अगदी बरोबर आहे आणि व्याकरणाचं उदाहरण छान दिलंत. पण माहिती अधिकार सरकारी कार्यालयाला लागू होतो, कागलच्या खाजगी फाउंड्रीला नाही. तिथं कारण सांगायचं बंधन आपल्याकडं कंपनीवर नाही, म्हणूनच सगळा खेळ विनंती कशी करता यावर आहे.

अभ्यासिका_राजारामपुरी
बरं, ते ध्यानात आलं नव्हतं. पण हे चुकीचं आहे, तासभर माणसाला बसवून घेतल्यावर कारण सांगणं सक्तीचं पाहिजे, सरकारी असो का खाजगी.

पुण्यात_पण_रंकाळ्याची
मी या सगळ्या मेल प्रकरणाच्याच विरोधात आहे आणि कारण भीक वगैरे नाही. फीडबॅक मिळतो, पण खोटा मिळतो, आणि खोटा फीडबॅक काहीच न मिळण्यापेक्षा वाईट.

माझं सांगते. पुण्यात एका आयटी कंपनीत तीन राउंड झाले, नाही आलं, मी अतिशय नम्र मेल केला, उत्तर आलं की "कम्युनिकेशनवर अजून काम करायला हवं." मी कोल्हापुरातनं आलेली, इंग्रजी बोलताना आधीच धडधडायचं, त्यामुळं ते वाक्य छातीत घुसलं. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला, फी भरली, पुढच्या मुलाखतीत प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात जुळवून बघत बसायचे, त्यामुळं येत होतं तेही नीट सांगता येईना. नंतर तिथं काम करणाऱ्या मैत्रिणीकडनं कळलं की ती जागा आतल्याच एका माणसाला द्यायचं आधी ठरलं होतं, बाहेरच्यांच्या मुलाखती नुसत्या फाइलला लावायला घेतल्या होत्या. म्हणजे मला दिलेलं कारण हे कारणच नव्हतं. ज्या माणसाला खरं सांगायची सोय नाही त्याच्याकडं कारण मागितलं की तो जवळ पडलेलं एखादं कारण उचलून देतो आणि आपण त्यावर वर्ष घालवतो. आणि ते देणारे लोक ते विसरूनही जातात.

पेठेतला_पैलवान
ताई, लाख बोललात.

शिरोली_एचआर
रंकाळ्याच्या ताई, तुमचं खरंच वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणताय ते घडतं हे मी नाकारत नाही. "कम्युनिकेशन", "कल्चर फिट", "अॅटिट्यूड" हे शब्द आम्ही तेव्हाच वापरतो जेव्हा खरं सांगता येत नाही किंवा माहीतच नसतं. त्यामुळं माझी चाळणी अशी आहे: उत्तरात तुमच्या मुलाखतीतला एखादा प्रश्न, एखादं काम, एखादं मशीन यातलं काही आलंय का? आलं असेल तर ते तुमच्याबद्दल आहे. तेच उत्तर दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराला पाठवता येत असेल तर ते तुमच्याबद्दल नाही, वाचायचं आणि सोडून द्यायचं, त्यावर क्लास लावायचा नाही.

पण उत्तर असं मोघम येतं त्याचं अर्धं कारण प्रश्न मोघम असतो. "माझ्यात काय कमी आहे" असं विचारलं की समोरचा माणूस अवघडतो, तो तुमच्या स्वभावावर बोलणार का? त्यापेक्षा मुलाखतीतले दोन विषय तुम्हीच नाव घेऊन पुढं ठेवा आणि त्यातला कुठला जास्त कच्चा वाटला एवढंच विचारा. त्याला बोट दाखवायला सोपं जातं.

मेल मी असा लिहीन. कंपनीत इंग्रजी चालतं म्हणून तुम्ही साध्या इंग्रजीत टाका, मजकूर हा:

"नमस्कार मॅडम, कळवल्याबद्दल आभारी आहे, निर्णय समजला. टेक्निकल राउंडमध्ये सरांनी गेज आर अँड आर आणि ब्लोहोलच्या तक्रारीवर प्रश्न विचारले होते. मला क्वालिटीतच पुढं काम करायचं आहे. या दोन विषयांपैकी माझी तयारी कशात जास्त कमी वाटली, आणि अशा पदासाठी मी आधी काय शिकावं, एवढं सरांकडून कळलं तर फार उपयोग होईल. लिहिणं सोयीचं नसेल तर आपण सांगाल त्या वेळी पाच मिनिटं फोन करीन. कंपनीच्या पद्धतीत बसत नसेल तरी काही हरकत नाही." खाली नाव, मोबाईल, पद आणि मुलाखतीची तारीख.

नवीन मेल उघडू नका, त्यांच्या नकाराच्याच मेलला रिप्लाय करा, म्हणजे तुम्ही कोण, कुठली पोस्ट हे शोधत बसावं लागत नाही. आणि दोन-चार दिवसांत पाठवा. उशीर झाला की मॅनेजरसमोर मधे आणखी चार उमेदवार येऊन गेलेले असतात, त्याच्या डोक्यात सगळ्यांची उत्तरं एकमेकांत मिसळतात. "फोन करीन" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, लिहून द्यायची जी धास्ती मी वर सांगितली ती त्यानं जाते. फोनवर माणूस मोकळा बोलतो.

उद्यमनगर_वर्कशॉप
मग मॅडम सरळ फोनच का करू नये? माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, सीएनसी आणि थोडं फॅब्रिकेशन, पोरं मी स्वतः निवडतो. माझा मेल अकाउंटंट उघडतोय तो पण जीएसटीच्या तारखेला. एवढा गोड मेल माझ्याकडं आला तर तो मला दिसायचाच नाही. पण पोरानं फोन केला, "काका, परवा येऊन गेलो होतो, काय कमी पडलं जरा सांगा की," तर मी नक्की सांगणार. सांगितलंय पण. एका पोराला म्हटलं बाळा तुझं प्रोग्रॅमिंग चांगलं आहे पण तू टूल ऑफसेट घेताना दोनदा बघितलं नाहीस, माझा जॉब महागाचा असतोय, मला भीती वाटली. तो परत आला नाही पण दुसरीकडं लागला म्हणे.

शिरोली_एचआर
काका, तुमच्यासारख्या मालकाच्या ठिकाणी फोनच बरोबर, वाद नाही. जिथं मुलाखत घेणारा आणि मालक एकच तिथं मेल कशाला. पण तीनशे माणसांच्या कंपनीत मॅनेजरचा नंबर कुठनं तरी मिळवून शिफ्ट चालू असताना फोन लावला तर तो भडकतो, आणि एचआरला बाजूला ठेवून आत शिरला असा शिक्का बसतो. मेलनं विचारायचं, परवानगी मिळाली की फोन करायचा.

उद्यमनगर_वर्कशॉप
परवानगी मागून फोन करायचा म्हणजे फोनची मजाच गेली की ओ. असो. माझं मत बदलणार नाही, कोल्हापुरात माणूस आवाजावर ओळखला जातोय.

गडहिंग्लजचा_मेक
मॅडमनी सांगितल्यासारखा मेल काल सकाळी पाठवला, रिप्लायमध्येच. उत्तर आल्यावर सांगतो. नाही आलं तर परत आठवण करायची का?

शिरोली_एचआर
आठवड्यानं एकदा, एका ओळीत. त्यानंतर नाही. आणि मधल्या काळात बाकीचे अर्ज थांबवू नका.

पुण्यात_पण_रंकाळ्याची
आणि उत्तर आलं तर इथं टाकायच्या आधी स्वतः एकदा शांतपणे वाच. मी माझं मेल वाचून त्याच दिवशी क्लासला फोन केला होता, तसं नको.

गडहिंग्लजचा_मेक
उत्तर आलं! एचआर मॅडमनी फोन नको म्हटलं नाही पण मॅनेजर सरांच्या ओळी मेलमध्येच घातल्यात. जसं आहे तसं सांगतो: गेज आर अँड आरचं उत्तर अर्धवट होतं पण ते शिकवता येतं. ब्लोहोलच्या प्रश्नाला पहिल्या दिवशी काय करायचं हे सांगता आलं नाही. मशीन शॉपचा अनुभव चांगला आहे, फाउंड्री प्रोसेस माहीत नाही. मोल्डिंग आणि सँड लॅबवर काही काळ काम बघावं, नंतर परत अर्ज करायला हरकत नाही.

मोल्डिंग_शॉप
पैज हरलो मी. पण आता सांगतो त्यांना काय ऐकायचं होतं, हे जास्त कामाचं आहे.

तू म्हटलास इन्स्पेक्शन वाढवीन. कुठलं इन्स्पेक्शन? ब्लोहोल बऱ्याच वेळा कातडीच्या खाली असतो, वरनं कास्टिंग गुळगुळीत दिसतंय, कस्टमरनं पहिला कट मारला की भोक उघडतंय. तुझं डोळ्यानं शंभर टक्के चेकिंग तिथं काही पकडणार नाही. पहिल्या दिवशी आधी कारण शोधायचंच नसतंय. आधी खराब माल अडवायचा. कस्टमरकडं किती पडलाय, ट्रकमध्ये वाटेवर किती आहे, आपल्या डिस्पॅचला किती आहे, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या जागी किती आहे, चारी ठिकाणचा माल बाजूला काढून लाल टॅग लावायचा. मग कास्टिंगवरचा हीट नंबर किंवा तारखेचा कोड बघायचा, तक्रारीचे सगळे पीस एकाच दिवसाचे आहेत का पसरलेत. एकाच शिफ्टचे निघाले तर होल्ड केलेला निम्मा माल तिथंच सोडता येतो आणि कारण पण अरुंद होतं. कस्टमरची लाइन चालू राहावी म्हणून चांगला माल काहीतरी पाठवायचा. हे सगळं झाल्यावर संध्याकाळी कारणाकडं वळायचं.

कारणाकडं वळताना पण पहिला प्रश्न हा की तो खरंच ब्लोहोल आहे का. पीस हातात घेऊन बघायचा. भोक गोल आणि आतनं गुळगुळीत, चकचकीत असेल तर गॅस अडकलाय. आतनं खडबडीत, वेडंवाकडं आणि जाड भागात असेल तर ते श्रिंकेज, तिथं रायझर बघायचा. आत वाळूचे कण दिसले तर वेगळंच. कस्टमरच्या तक्रारीत सगळ्याला ब्लोहोलच लिहिलेलं असतं. गॅसच निघाला तर त्या दिवशीचं सँड लॅबचं रजिस्टर काढायचं. ग्रीन सँडमध्ये ओलावा साधारण तीन ते चार टक्क्यांत पाहिजे, तो वर गेला होता का, परमिएबिलिटी, म्हणजे वाळूतनं गॅस बाहेर जायची क्षमता पडली होती का, कोअर ओला राहिला होता का, व्हेंट बुजले होते का. पावसाळ्यात हे हमखास होतं. तू मशीन शॉपचा, तुझ्याकडं कास्टिंग तयार येतंय, तू हे कधी बघितलंच नाहीस, त्यात तुझा दोष नाही, पण मॅनेजरला पहिल्या तक्रारीला एकटा उभा राहील असा माणूस पाहिजे होता.

पेठेतला_पैलवान
म्हणजे शेवटी काय, त्यांना फाउंड्रीचा अनुभव असलेला माणूस पाहिजे होता. ते तर याच्या बायोडेटावर स्पष्ट दिसत होतं की नाही. मग दोन राउंड घेतले कशाला? मला विचाराल तर दुसरा कुणीतरी फाउंड्रीवाला मिळाला आणि याला हे कारण चिकटवलं.

पुण्यात_पण_रंकाळ्याची
मला पण तीच शंका आहे. उत्तर नेमकं आहे हे मान्य, मॅडमच्या चाळणीतनं पास होतं. पण नेमकं आहे म्हणून खरं कारण तेच, असं होत नाही.

शिरोली_एचआर
नसेलही. दोन सारखे उमेदवार होते आणि दुसऱ्याचं घर कागलात होतं, असंही होऊ शकतं, आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण मॅनेजरनं सांगितलेली उणीव खरी आहे की नाही हे तपासता येतं, मोल्डिंग शॉपनं आत्ता तपासून दाखवलं. ब्लोहोलचं पहिल्या दिवसाचं उत्तर त्याला येत नव्हतं हे तर खरंच ना? ताई, तुमच्या वेळी "कम्युनिकेशन" हे तपासायला काही जागाच नव्हती. दोन उत्तरांत मला फरक दिसतो तो एवढाच.

आणि एक, हे एका मॅनेजरचं मत आहे. दुसऱ्या फाउंड्रीतही तिथंच गाडी अडली तर ते पक्कं समजा. तिथं एमएसएवर अडली तर दोन्ही करा.

पुण्यात_पण_रंकाळ्याची
ठीक आहे, नेमका प्रश्न विचारला तर नेमकं उत्तर येतं एवढं मी मानते. पण ज्याचा स्वतःवरचा विश्वास आधीच हललेला आहे त्यानं नकार आला त्या आठवड्यात हा मेल करू नये असं मला अजूनही वाटतं, मग मॅनेजर विसरला तरी चालेल.

शिरोली_एचआर
यावर मी काही म्हणणार नाही, ते ज्याचं त्यानं बघावं.

गडहिंग्लजचा_मेक
आता उलट काय लिहू? मनात आलं होतं की सांगावं, कॉलेजात असताना फाउंड्रीची व्हिजिट केली होती आणि शिकायची तयारी आहे, अजून एकदा विचार करा.

शिरोली_एचआर
नको. ते लिहिलंत की फीडबॅकचा मेल हा नोकरीचा दुसरा अर्ज होता असं वाटतं आणि पुढच्या पोराला त्या मॅडम उत्तर देणार नाहीत. दोन ओळी पुरे: सरांनी वेळ काढून नेमकं सांगितलं त्याबद्दल आभार, मोल्डिंग आणि सँड लॅबचं काम बघायला सुरुवात करतोय. परत अर्ज कराल तेव्हा याच मेलच्या साखळीत करा, आणि त्या वेळी काय बघितलं, काय केलं ते लिहा, नुसतं "आता शिकलो" नको. काही कंपन्यांत सहा महिन्यांच्या आत तोच उमेदवार परत घेत नाहीत, तेवढं थांबा.

उद्यमनगर_वर्कशॉप
सँड लॅब बघायची असेल तर मला मेसेज कर, शिरोलीत माझ्या ओळखीची एक फाउंड्री आहे, तिथनं मी कास्टिंग घेतो. शनिवारी दुपारी मोल्डिंग चालू असतंय. बूट घालून ये, चप्पल घालून आत सोडत नाहीत. आणि हे मी फोनवरच ठरवणार आहे, मेल करू नकोस.

गडहिंग्लजचा_मेक
काका मेसेज केलाय, शनिवारी सुट्टी टाकतो.

इचलकरंजी_डिप्लोमा
मधेच विचारतो, माझं पण असंच झालंय पण मी कन्सल्टन्सीमार्फत गेलो होतो, कंपनीनं मला काहीच कळवलं नाही, कन्सल्टन्सीवाली फक्त "नाही झालं" म्हणाली. मी कंपनीच्या एचआरला थेट वरच्यासारखा मेल करू का?

शिरोली_एचआर
थेट नको, आधी कन्सल्टन्सीला विचारा. कंपनी त्यांना कारण सांगते, कारण त्यांना पुढचा माणूस बरोबर पाठवायचा असतो, आणि तुम्ही कुठंतरी लागलात तरच त्यांना पैसे मिळतात, म्हणून तुम्हाला सुधारणं त्यांच्याही फायद्याचं आहे. पण "नाही का झालं" असं विचारू नका, "टेक्निकलमध्ये अमुक प्रश्नावर काय म्हणाले" असं विचारा. नुसता बायोडेटा बघून नाकारलं असेल, मुलाखत झालीच नसेल, तर विचारून उपयोग नाही, कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं.

पेठेतला_पैलवान
आणि त्यांनी पण "प्रोफाइल मॅच झाली नाही" म्हटलं तर?

शिरोली_एचआर
तर मुलाखतीतले प्रश्न इथं लिहा, मोल्डिंग शॉप आहेतच अंदाज करायला.

मोल्डिंग_शॉप
डिप्लोमा कशातला आहे आधी ते सांग. टेक्सटाइलचा असशील तर माझा उपयोग नाही.